साडीचा फोटो बोलता बोलता गायब झाला, आता मॅचिंग कसं करायचं?

रानजाई

मंडळी, जरा तातडीनं सल्ला हवाय.

मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असते. जानेवारीत इथल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू आहे आणि त्याला आईची इरकल नेसायची असं मी दिवाळीपासूनच ठरवून ठेवलंय. साडी धूपछाव आहे. अंग जांभळट, पण हलवलं की लाल मारतं. काठ गडद, पदर इरकलीचा असतो तसाच लाल-पांढरा. जुना ब्लाउज आईच्या मापाचा होता आणि काखेत विरलाय, म्हणून नवीन ब्लाउजपीस, अस्तर, परकर आणि फॉल एवढं पुण्याहून मागवायचंय. ओळखीचे एक काका रविवारी रात्री तिकडून निघतायत, त्यांच्याबरोबर येईल.

काल माझी वहिनी त्यासाठी लक्ष्मी रोडला मॅचिंगच्या दुकानात गेली. मी फोटो आधीच पाठवला होता. तिनं तो दुकानात उघडला, दुकानदाराला दाखवला, आमचं लिहिणं चालू होतं. दुकानदारांनी मरूनकडं झुकणाऱ्या रंगाचे तीन-चार तुकडे काढून ठेवले आणि म्हणाले, "ताई, काठ परत एकदा दाखवा." वहिनी बघते तर फोटो नाही! तिच्याकडे नाही आणि माझ्याकडेही उघडत नाही. मी घाईघाईनं स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली दुसरा फोटो काढून पाठवला, तर त्यात साडी चक्क शाईसारखी निळी. दुकानदार म्हणाले, ही साडी वेगळी आहे. वहिनी बिचारी रिकाम्या हाती घरी आली.

तर प्रश्न दोन. फोटो गेला कुठे? आणि शनिवारपर्यंत वहिनीला खरा रंग कसा कळवू? इथे सध्या पावणेनऊच्या आसपास उजाडतं आणि साडेचारला मावळतं. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार.

खडीसाखर

वहिनींकडून चुकून डिलीट झाला असेल. परत पाठव की.

रानजाई

अगं परत पाठवला, तोच तर घोळ झाला. पहिल्यात मरून, दुसऱ्यात निळी. आणि पहिला माझ्या गॅलरीतही नाही.

कट्ट्यावरचा_मंदार

तुमच्या दोघींच्या चॅटला मेसेज आपोआप नाहीसे व्हायची वेळ लावलेली असणार. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत लावता येते. दोघांपैकी कुणीही ती लावू शकतं, आणि मग नंतरचं सगळंच त्या मुदतीनं जातं. आदल्या दिवशी पाठवलेला फोटो दुकानात असतानाच २४ तास भरून गेला, सोपं आहे.

रानजाई

मंदार, मलाही आधी तसंच वाटलं. पण गणपतीतले मोदकांचे फोटोसुद्धा त्याच चॅटमध्ये अजून आहेत. फोटोच्या आधीची-नंतरची वाक्यंही जागच्या जागी आहेत. फक्त तो एक फोटो नाही. वहिनीनं स्क्रीनशॉट पाठवलाय, फोटोच्या जागी बारीकसं वर्तुळ आणि पुढे `Opened` एवढंच दिसतंय.

दुपारचा_चहा

मग मुदतीचा प्रश्नच मिटला. मुदतीनं गेला असता तर तिथे काहीच उरलं नसतं. `Opened` दिसतंय याचा अर्थ तो फोटो 'एकदाच बघा' प्रकारानं पाठवला गेला. पाठवताना मजकुराच्या रकान्यात १ चा आकडा असलेलं वर्तुळ असतं, त्यावर बोट पडलं की झालं. समोरच्यानं उघडेपर्यंत तो राहतो, फार तर चौदा दिवस. तुमच्या वहिनींनी दुकानात उघडला, दुकानदारांना दाखवला, मग तुम्हाला उत्तर लिहायला त्यातून बाहेर आल्या, तिथेच तो संपला. त्याचा स्क्रीनशॉट घेता येत नाही, सेव्ह किंवा फॉरवर्डही होत नाही, आणि पाठवणाऱ्यालाही परत उघडता येत नाही. म्हणून दोघींकडेही नाही.

यात वहिनींचा काहीच हात नाही. हे फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूनं ठरतं. फोटो कुणी काढला होता? आणि चॅटमधल्याच कॅमेऱ्यानं काढला होता का? तसं असेल तर गॅलरीत येणारच नाही.

रानजाई

लागला पत्ता! मी साडी दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि माझ्या फोनवरून लेकीनं फोटो काढून पाठवला. चॅटमधूनच. ती आणि तिच्या मैत्रिणी एकमेकींना सगळे फोटो असेच पाठवतात, तिच्या बोटांना सवय आहे. आत्ता विचारलं तर म्हणते, "आई, नेहमी असाच पाठवतात ना?"

आबा_वाईकर

माझेही नातवाच्या बारशाचे फोटो फोन बदलताना गेले होते. मुलानं बॅकअपमधून परत आणून दिले. ताईंनी अ‍ॅप काढून टाकून परत टाकावं आणि बॅकअप घ्यावा, फोटो येईल. निराश होऊ नये.

दुपारचा_चहा

आबा, तुमचे आले कारण ते साधे फोटो होते. एकदाच बघायचा फोटो उघडून झाला की बॅकअपमध्ये जात नाही. रानजाई, कृपा करून अ‍ॅप काढू नका, बॅकअप जुना असला तर मोदकही जातील.

खडीसाखर

मोदक गेले तर मात्र मी माफ करणार नाही.

सुईदोरा

माझं माहेर मॅचिंगच्या दुकानाचं, त्यामुळे या धाग्यावर मला गप्प बसवत नाही. फोटो गेला ते एका अर्थी बरंच झालं. तो राहिला असता तर वहिनींनी मरून कापड फाडून घेतलं असतं, आणि फाडलेलं कापड कुठलंही दुकान परत घेत नाही.

रानजाई, पहिला फोटो जेवणाच्या टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली काढला होता ना? धूपछाव साडीत उभे धागे एका रंगाचे असतात आणि आडवे दुसऱ्या. तुझ्या वर्णनावरून ताणा निळा आणि बाणा लाल असावा. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश फार कमी असतो, त्यामुळे निळा धागा काळपट होऊन मागे जातो आणि लाल पुढे येतो. साडी मरून दिसते. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ट्यूबखाली नेमकं उलट झालं. त्यात फोनचा कॅमेरा स्वतःचं डोकं चालवतो. चौकटभर नुसती साडीच असली, तर त्याला हा जांभळेपणा दिव्याचा दोष वाटतो आणि तो रंग काढून टाकायला बघतो. जांभळा आणि राणी हे दोन रंग फोटोत सगळ्यात जास्त फसवतात, दुकानात बसून किती बायकांना हे सांगितलंय.

म्हणजे दोन्ही फोटो खोटे आणि दोन्ही थोडे थोडे खरेही. शनिवारी असं कर:

सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीशी जा. थेट ऊन नको, ढगाळ असलं तर उत्तमच. घरातले सगळे दिवे बंद, कारण एक दिवा चालू राहिला तरी अर्धी साडी त्याचा रंग घेते. साडीशेजारी कोरा पांढरा कागद ठेव आणि तो फोटोत येऊ दे. फोटो बघताना कागद पिवळा किंवा निळा दिसला तर तो फोटो टाकून द्यायचा. एक फोटो सपाट, एक निऱ्या घालून, आणि एक खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं. धूपछाव एका कोनात मावत नाही.

वहिनींनाही दोन गोष्टी सांग. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनचा पडदा पिवळट करणारी सोय असते, ती बंद करायची. आणि कापड पसंत करताना दुकानाच्या दारात येऊन उजेडात बघायचं. ट्यूबखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे निघतात, कारण रंग दिसायला सारखा असला तरी आतली रंगाची पूड वेगळी असते.

मेगापिक्सेल

एवढं कशाला? फोटो एचडीत पाठवा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चॅटमध्ये फोटो दाबला जातो, तिथेच रंग बिघडतो.

सुईदोरा

डॉक्युमेंट म्हणून पाठवलास तर वीण, काठाची नक्षी स्पष्ट दिसेल, त्याला ना नाही. पण पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो कितीही मोठा पाठवला तरी तो पिवळ्या दिव्याखालचाच.

मेगापिक्सेल

मान्य. पण वहिनींच्या पडद्यावर तो कसा दिसेल हेही सांगता येत नाही. दोन कंपन्यांचे फोन शेजारी ठेवून एकच फोटो बघा, एकावर लाल जास्त भडक दिसतो.

सुईदोरा

अगदी खरं. म्हणून फोटोवर सगळी भिस्त ठेवू नये.

टाका_टाका

मी भरतकाम करते, माझा एक उपाय बघा. डीएमसीच्या भरतकामाच्या लडी जगात कुठेही घेतल्या तरी एका आकड्याचा रंग एकच असतो. नेदरलँड्समध्ये त्या कुठल्याही विणकामाच्या दुकानात मिळतील. साडीच्या टोकाचे धागे काढून लड शेजारी धरायची, जुळेल तिचा आकडा वहिनींना सांगायचा. रंग मग शब्दानं जाईल, फोटोनं जायची गरजच नाही. आपल्याकडे अँकरच्या लडी जास्त मिळतात. डीएमसीवरून अँकरचा आकडा काढायचे तक्ते आहेत, पण ते जवळचा रंग देतात, तंतोतंत देत नाहीत.

सुईदोरा

हे फार छान सुचवलंत. फक्त एक. धागे पदराच्या टोकाचे काढू नका! इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात. विणताना दोन्हीकडचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतात, त्याला टोपे तेनी म्हणतात. म्हणून पदराच्या टोकाला मिळेल तो पदराचा लाल धागा. अंगाचा ताणा हवा असेल तर खोचायच्या टोकाकडून घ्यायचा. तिथे लोंबतात ते उभे धागे, आणि कडेचे दोन-तीन आडवे उसवले की बाणा. असे धागे काढले तर साडीला काही होत नाही.

बागलकोटची_लेक

मी इतका वेळ वाचतेय आणि मनात एकच येतंय. इरकलवर मॅचिंग ब्लाउज कशाला गं? इरकलवर खण! आमच्याकडे इळकलची साडी आणि गुळेदगुड्डचा खण ही जोडीच. माझ्या आजीनं आयुष्यात कधी साडीच्या रंगाचा ब्लाउज घातला नाही. काठाशी किंवा पदराशी मिळणारा खण घे, लाल किंवा हिरवा. धूपछाव जुळवायची कटकटच नको.

पैठणीवाली

याच विषयावर माझाही प्रश्न आहे. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मोरपंखी पैठणी घेतलीय, येवल्याची. तिच्यावर ब्लाउज साडीतलाच शिवावा की वेगळा जांभळा? साडीतलं कापड काढलं तर साडी आखूड पडेल का?

खडीसाखर

ताई, तुमची साडी तुमच्या हातात आहे, उजेड आहे, शिंपी कोपऱ्यावर आहे. आधी आइंडहोवनला पोचू द्या, मग येवल्याला येऊ.

सुईदोरा

पैठणीवाली, साडी मोजून बघा. ब्लाउजचा तुकडा जोडलेला असेल तर साडी सव्वासहा मीटरच्या आसपास भरेल, मग तो काढल्यावरही नेसायला साडेपाच मीटर उरते. त्याहून कमी भरली तर हात लावू नका.

रानजाई

बागलकोटची लेक, खणाचं पटतं. पण आई या साडीवर नेहमी साध्या कापडाचाच घालायची, साडीतून रंग उचलून आणल्यासारखा. लग्नात मी तिला तशी बघितलीय. मला तसाच हवाय.

बागलकोटची_लेक

मग काही बोलत नाही. तरी मनात एक खण ठेव, पुढच्या वेळेसाठी.

टाका_टाका

रानजाई, मी पुण्यात कोथरूडला असते. तुझे आकडे कळले की माझ्या पेटीतल्या त्याच आकड्यांच्या लडी वहिनींना देते. शनिवारी दुपारी त्यांना यायला जमेल का? पत्ता व्यक्तिगत निरोपात देते.

रानजाई

देव तुमचं भलं करो. इथे सकाळचे दहा म्हणजे तिकडे दुपारचे अडीच, वहिनी चारपर्यंत दुकानात पोचू शकेल. शुक्रवारी ऑफिसातून येताना गडद निळ्या आणि गडद लाल रंगाच्या लडी सात-आठ आकड्यांच्या घेऊन येते.

कट्ट्यावरचा_मंदार

लक्ष्मी रोडवर दुपारी दुकान उघडं असेल का हे आधी विचारून घ्या.

रानजाई (शनिवार)

खिडकीशी सतरंजी घालून, सगळे दिवे बंद करून, साडी पसरली. बाहेर ढग होते, सुईदोरा म्हणाल्या तसाच उजेड. खोचायच्या टोकाचे धागे काढून पांढऱ्या कागदावर चिकटपट्टीनं लावले. ताणा निळाच निघाला, इतका गडद की आधी मला काळा वाटला होता. लडी शेजारी धरल्या तर ताण्याला ३३६ आणि बाण्याला ८१५ सगळ्यात जवळ. ८१५ किंचित जास्त लाल आहे, साडीचा धागा धुऊन धुऊन थोडा मऊ झालाय.

फोटो तीन पाठवले. या वेळी कॅमेऱ्यातून काढले आणि मग पाठवले, लेकीनं स्वतः वर्तुळ तपासलं.

टाका_टाका

३३६ आणि ८१५ दोन्ही आहेत माझ्याकडे. वहिनी येऊन घेऊन गेल्यासुद्धा.

सुईदोरा

आता महत्त्वाचं. यातला एकही रंग ब्लाउजचा नाही. निळा घेतला तर ब्लाउज साडीपासून सुटा दिसेल, लाल घेतला तर पदराशीच जाईल. वहिनींना म्हणावं, दोन्ही लडी एकत्र पिळून धरा आणि दोन पावलं मागे जाऊन बघा. लांबून जो तिसरा रंग दिसतो, वांगी-जांभळाच्या मधला, तो ब्लाउजचा. परकर मात्र निळ्या लडीवर घ्या. जुनं सूत पातळ होतं, आतून फिका परकर असला तर निऱ्यांत पांढुरकेपणा येतो. आणि फॉल अंगाला जुळवू नका. तो खालच्या काठाच्या मागे बसतो आणि त्याचे टाके काठावर दिसतात, म्हणून फॉल आणि शिवायचं रीळ दोन्ही काठाच्या रंगाचे.

मोगरा_मनात

परकराबद्दल मी सहमत नाही. मी माझ्या धूपछाववर नेहमी लाल बाजूचा परकर घालते, चालताना साडीला आतून लाली येते. निळ्यानं साडी विझल्यासारखी वाटते.

सुईदोरा

नव्या, घट्ट विणीच्या साडीवर तुमचं खरं ठरेल. ही आईची आहे, किती विरळ झालीय ते रानजाईनंच उजेडाला धरून सांगावं.

रानजाई

उजेडाला धरली. निऱ्यांच्या भागात खिडकीची चौकट दिसते. निळाच.

वहिनीचा फोन झाला. दुकानदारांनी आधी तिला ओळखलं, "त्याच दोन साड्यांचं ना?" म्हणाले. तिनं लडी पिळून दाखवल्यावर मात्र हसले आणि न विचारता वरच्या फळीवरून टू बाय टू रुबियाचा तुकडा काढला. दारात येऊन दोघांनी बघितला. तिनं तिथूनच मला व्हिडिओ कॉल केला, पण कॉलमधल्या रंगावर मी काही बोललेच नाही. तिच्या डोळ्यांनी बघ आणि घे म्हटलं. एक मीटर घेतला, अस्तर त्याच रंगाचं, परकर निळा, फॉल आणि रीळ काठाचं. काकांच्या बॅगेत गेलंसुद्धा.

सुईदोरा

शिवायच्या आधी रुबिया, अस्तर आणि फॉल तिन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री कर. अस्तर आटतं आणि मग पहिल्या धुण्यात ब्लाउज आतून ओढला जातो. गडद रंग आहेत, वेगवेगळ्या भांड्यांत भिजव.

पैठणीवाली

माझी साडी मोजली. पाच मीटर सत्तर सेंटिमीटर भरली. म्हणजे तुकडा नाहीच ना यात? मग जांभळं कापड कशाशी जुळवू, काठाशी की मोरांशी?

बागलकोटची_लेक

काठाशी. आणि फोटो पाठवणार असाल तर आधी ते वर्तुळ बघा.